कोटा फरशी बसवताना: खालचा थर, सांधे आणि घासाई

नाशिकचा आपला दगड म्हणजे काळा बसाल्ट. काळाराम मंदिर, गोदाघाटाच्या पायऱ्या, जुन्या वाड्यांची जोती याच दगडाची. घरातल्या जमिनीसाठी मात्र आपण बाहेरूनच दगड आणतो. कोटा राजस्थानातून येतो, शहाबादी कर्नाटकातून, कडप्पा आंध्रातून, आणि ग्रॅनाइट दक्षिणेतून किंवा राजस्थानातून. हा लेख कोट्याबद्दल आहे. नवशिक्याला नैसर्गिक दगडाचं काम शिकायचं असेल तर सुरुवात कोट्यापासून करावी असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण घासाईत आहे.

ग्रॅनाइट कारखान्यातून आरशासारखी पॉलिश होऊनच येतो. तो इतका कठीण असतो की एक फरशी शेजारच्या फरशीपेक्षा वर राहिली तर घरात मशीन लावून ती उतरवणं परवडत नाही. जसा बसला तसाच तो कायमचा राहतो. कोटा हा चुनखडीचा दगड, बराच मऊ. तो जागेवर बसवून मग घासतात, त्यामुळे मिलिमीटरभर चढउतार माफ होतो. पण मिलिमीटरभरच. ‘पॉलिशमध्ये निघून जाईल’ हे वाक्य साइटवर रोज ऐकू येतं. फरशीखाली राहिलेली पोकळी कुठल्याही पॉलिशमध्ये निघत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एकच खोली धरू. तळमजल्यावरचा हॉल, प्लास्टर झाल्यावर आतून १५ फूट बाय १२ फूट. फरशी २२ इंच बाय २२ इंच, मशीनने कडा कापलेली, जाडी साधारण २५ मिलिमीटर.

फरशीच्या आधीची जमीन

नाशिकच्या आसपास बरीच घरं काळ्या मातीवर उभी राहतात. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून ती काढून मुरूम भरायचा. मुरूम एकदम न ओतता सहा-सहा इंचांचे थर टाकायचे आणि प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकायचा. त्यावर दगडाचं सोलिंग आणि वर चार इंच पीसीसी, म्हणजे सळईविना साधं काँक्रीट. हे काम बहुतेक वेळा फरशीवाला येण्याआधीच झालेलं असतं, पण त्याने एकदा विचारून घ्यावं. भराव बसला की पीसीसी खचते आणि तिच्याबरोबर फरशीही खचते. मग नाव फरशीवाल्याचं खराब होतं.

पीसीसीचा वरचा भाग खरखरीत हवा. प्लास्टरचे सांडलेले गोळे आणि रंगाचे डाग छिन्नीने काढून जमीन झाडून धुवायची. विजेचे आणि पाण्याचे पाइप जमिनीतून जात असतील तर पाइपात पाणी भरून ते गळत नाहीत ना, हे आताच पाहून घ्यायचं.

लेव्हल आणि मांडणी

पाण्याच्या नळीने खोलीच्या चारही भिंतींवर एकाच उंचीची रेघ मारायची. तयार फरशीपासून बरोबर एक मीटर वर ही रेघ ठेवली की पुढची सगळी मापं सोपी होतात. उंची ठरवताना सुरुवात मुख्य दाराच्या उंबऱ्यापासून करायची, कारण बाकीच्या खोल्या त्याच्याशी जुळणार असतात. फरशी २५ मिलिमीटर आणि खाली मालाचा थर सरासरी ३० मिलिमीटर, म्हणजे पीसीसीपासून ५५ मिलिमीटर उंची हवी. रेघेपासून खाली ठिकठिकाणी माप घेतलं की पीसीसी कुठे उंच आणि कुठे खोल आहे ते लगेच दिसतं. थर कुठेही २० मिलिमीटरपेक्षा पातळ होऊ द्यायचा नाही. पीसीसीला उंचवटा असेल तर तो तासायचा. दोन इंचांपेक्षा जास्त खोलगट भाग असेल तर तो आधी बारीक काँक्रीटने भरायचा. सगळी खोली मालानेच भरून काढली तर माल सुकताना आकसतो आणि फरशी खाली जाते.

आता गुण्या. खोली कधीच पूर्ण काटकोनात नसते. एका कोपऱ्यातून एका भिंतीवर ९ फूट आणि दुसऱ्या भिंतीवर १२ फुटांवर खूण करा. त्या दोन खुणांमधलं अंतर १५ फूट भरलं तर कोपरा काटकोनात आहे. भरलं नाही तर दोरी भिंतीला समांतर न धरता गुण्यात धरायची आणि फरक भिंतीकडेच्या कापातून काढायचा. स्कर्टिंगखाली तो फारसा दिसत नाही. खोलीच्या मधोमध तिरका गेलेला सांधा मात्र दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.

कापाचा हिशेब फरशा मागवण्याआधी करायचा असतो. १५ फूट म्हणजे १८० इंच. एका भिंतीपासून पूर्ण फरशा लावत गेलो तर आठ बसतात आणि शेवटी जेमतेम तीन इंचांची पट्टी उरते. अशी पट्टी बसवायला त्रासाची, फुटायला सोपी आणि दिसायला वाईट. त्याऐवजी मध्ये सात पूर्ण फरशा घ्या आणि दोन्ही टोकांना साधारण साडेबारा इंचांचे तुकडे लावा. १२ फुटांच्या बाजूलाही तसंच: मध्ये पाच पूर्ण आणि दोन्ही कडांना साडेसोळा इंच. दोन मिलिमीटरचे सांधे आणि भिंतीकडेची फट यात धरलेली आहे.

म्हणजे नऊ रांगा गुणिले सात, एकूण ६३ फरशा. एक फरशी सुमारे ३.३६ चौरस फुटांची, त्यामुळे ६३ फरशा म्हणजे २१२ चौरस फूट. खोली १८० चौरस फुटांची असताना हा आकडा पाहून मालक चमकतो. पण साडेबारा इंच कापल्यावर उरलेल्या नऊ-साडेनऊ इंचांतून चार इंचांच्या दोन पट्ट्या निघतात आणि साडेसोळाच्या कापातून एक. स्कर्टिंगचा मोठा भाग त्यातच होतो. वाहतुकीत आणि कापताना फुटणाऱ्या धरून ६७ फरशा मागवाव्यात. नंतर कमी पडल्या तर दुसऱ्या गाडीतल्या फरशीचा रंग जुळत नाही.

फरशी निवडणं

गाडी उतरवताना प्रत्येक फरशी कडेवर उभी करून बोटांच्या पेरांनी वाजवा. खणखणीत आवाज आला तर ती चांगली. भद्द आवाज आला तर आत चीर आहे किंवा पापुद्रा सुटलाय. कोटा थराथरांचा दगड असल्याने काही फरशांचा वरचा पापुद्रा नखाने उचकटतो. त्या बाजूला काढा, त्या स्कर्टिंगलाही वापरू नका. जाडीत पाच-सहा मिलिमीटरचा फरक चालतो, पण जाड आणि पातळ यांचे दोन गठ्ठे वेगळे करा. रंगाचंही तसंच. निळसर-हिरवट फरशा ओल्या करून शेजारी शेजारी मांडल्या की कुठली गडद आणि कुठली फिकी ते कळतं. कोरड्या फरशीवरून पॉलिशनंतरचा रंग ओळखता येत नाही.

माल आणि थर

थराचा माल एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू असा. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून बहुतेक ठिकाणी क्रश सँडच वापरतात. त्यात दगडाची भुकटी जास्त असेल तर माल चिकट होतो आणि सुकल्यावर आकसतो, म्हणून चाळून घ्या. आपल्या हॉलसाठी ३० मिलिमीटरच्या थराला सुमारे चार गोण्या सिमेंट आणि १९ घनफूट वाळू लागते. वर ओतायच्या सिमेंटच्या घोळाला आणखी दीड गोणी.

माल अर्धओला हवा. मुठीत दाबला तर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी यायला नको. ओला माल पसरायला सोपा असतो, म्हणून नवखा गडी त्यात पाणी ओतत राहतो. अशा मालावर फरशी ठोकताच ती एका बाजूने धसते, मग ती वर घ्यायला आणखी माल कोंबतात आणि तिथेच पोकळी राहते. एका वेळी अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच माल कालवायचा. सकाळचा माल जेवणानंतर पाणी मारून पुन्हा वापरायचा नाही.

पीसीसी आदल्या दिवशी भिजवून ठेवा. काम सुरू करताना तिच्यावर पाणी साचलेलं नको, फक्त ओल हवी. एप्रिल-मेमध्ये खिडक्यांना अजून तावदानं नसतात आणि गरम वारा सरळ आत येतो. अशा वेळी कोरडी पीसीसी मालातलं पाणी शोषते आणि थर घट्ट होण्याआधीच वाळतो. महिनाभराने फरशी हलू लागते तेव्हा लोक सिमेंटला दोष देतात. त्या दिवसांत खिडक्यांना गोणपाट लावून काम सकाळी उरकावं.

एक फरशी कशी बसते

खोलीच्या चार कोपऱ्यांत मालाचे ठिय्ये घालून त्यावर फरशीचे तुकडे तयार उंचीला बसवायचे. ठिय्यांमधून दोऱ्या ओढायच्या. सुरुवात दारापासून दूरच्या भिंतीकडून करायची आणि दाराकडे यायचं, म्हणजे बसवलेल्या फरशीवर पाय द्यावा लागत नाही. पहिली रांग तिकडच्या पूर्ण फरशांची. कापलेले तुकडे सगळ्यात शेवटी.

फरशीच्या मागची धूळ धुवून ती ओली करून ठेवलेली असावी. फरशीएवढ्या जागेत माल पसरा, पट्टीने सपाट करा आणि हवं त्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर उंच ठेवा. त्यावर फरशी कोरडीच, म्हणजे घोळाशिवाय ठेवा आणि लाकडी हातोड्याने मधोमध ठोका. दोरीला आणि शेजारच्या फरशीला लागेपर्यंत ती खाली आणा. आणि मग ती उचला.

हे उचलणं बरेच जण टाळतात, घाईत तर हमखास. पण सगळं काम या एका पायरीत आहे. उचलल्यावर खालच्या मालावर फरशीचा ठसा दिसतो. जिथे माल दाबला गेलाय तिथे तो गुळगुळीत दिसतो आणि जिथे टेकलाच नाही तिथे खरखरीत राहतो. खरखरीत जागी मूठभर माल टाकायचा, पट्टी फिरवायची आणि फरशी पुन्हा ठेवून पाहायची. सगळीकडे ठसा उमटला की ती शेवटची उचलायची आणि थरावर काकवीएवढा दाट सिमेंटचा घोळ ओतायचा. प्रमाण एका चौरस मीटरला साडेचार किलोच्या आतबाहेर सिमेंट. घोळ कडेपर्यंत पसरवून फरशी एका कडेने टेकवत हळू सोडा आणि पुन्हा ठोका. सांध्यातून थोडा घोळ वर आला तर खाली जागा भरली आहे. तो लगेच ओल्या फडक्याने पुसायचा.

कोरडं सिमेंट थरावर भुरभुरवून वर पाणी शिंपडायची पद्धतही दिसते. ती मला पटत नाही. पाणी सगळीकडे सारखं पोचत नाही आणि मधोमध कोरड्या सिमेंटचे खिसे राहतात.

कोपऱ्यावर ठोकून लेव्हल साधायची नाही, कारण दुसरा कोपरा वर येतो. एक कोपरा खूपच वर असेल तर फरशी काढून खालचा माल कमी करा. दर तीन फरशांनंतर सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी, उभी आणि तिरकी फिरवा. पट्टीखाली दोन मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसला तर त्याच वेळी दुरुस्ती होते. दुसऱ्या दिवशी होत नाही.

सांधे

जुने कारागीर कोट्याच्या कडा एकमेकींना घट्ट भिडवतात. दिसायला ते छान, पण कडेला कड टेकली की घोळ सांध्यात उतरत नाही. पुढे उन्हाने फरशा किंचित वाढल्या की कडांचे टवके उडतात. घरात दोन मिलिमीटरची फट पुरते. प्लास्टिकचे स्पेसर लावले की हाताचा अंदाज चुकत नाही. गच्चीवर किंवा ओट्यावर, जिथे मेचं ऊन दिवसभर लागतं आणि रात्री गार होतं, तिथे तीन ते पाच मिलिमीटर ठेवा.

भिंतीला फरशी कधीच टेकवायची नाही. सहा मिलिमीटरची फट सोडायची, स्कर्टिंग ती झाकतं. त्या फटीत पडलेला माल काढून टाका, नाहीतर ती सोडून उपयोग नाही. इमारतीतच प्रसरण सांधा असेल तर तो फरशीतूनही वर आणावा लागतो. तो फरशीने झाकला तर तिथेच सरळ रेषेत भेग पडते.

सांधे त्याच दिवशी भरू नयेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांधा साफ करून, ओला करून, फरशीच्या रंगाला जुळणारा रंग घातलेला सिमेंटचा घोळ त्यात दाबून भरायचा. रंग कोरडाच सिमेंटमध्ये मिसळून सगळ्या हॉलचं मिश्रण एकदम करून ठेवा. दोन वेळा कालवलेलं मिश्रण दोन छटांचं होतं.

पहिले २४ तास कोणी पाय देऊ नये. त्यानंतर निदान सात दिवस ओलं गोणपाट पसरून पाणी मारायचं. या काळात जमिनीवर घोडी लावून रंगाऱ्याला काम करू देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत थंडी जोरात असते तेव्हा माल हळू घट्ट होतो, मग दोन-चार दिवस जास्त द्यावेत.

मशीन लावण्याआधी पोकळी तपासा. हातोड्याच्या लाकडी दांड्याने प्रत्येक फरशीचे चार कोपरे आणि मध्य वाजवा. जिथे डब्ब आवाज येईल तिथे खडूने फुली मारा. एखादा कोपरा थोडा पोकळ असेल तर सांध्यातून पातळ घोळ सोडून पाहता येतो, पण त्याची खात्री नाही. मध्य पोकळ असेल तर फरशी काढून नवीनच बसवा. घासाईनंतर बदललेली फरशी पुन्हा एकट्याने घासावी लागते आणि तिची चमक शेजारणीशी जुळत नाही.

घासाई आणि पॉलिश

बसवल्यापासून दोन आठवड्यांनी मशीन आणावं. घासाईला किती ‘हात’ देणार हे मजुरी ठरवतानाच विचारा. नुसतं ‘पॉलिशसह’ म्हटलं की कधी दोन हातांत काम गुंडाळलं जातं.

पहिला हात ६० नंबरच्या दगडाने, भरपूर पाण्यात. कडांचा चढउतार इथेच निघतो. एकूण घासाईत दीड-दोन मिलिमीटर दगड जातो. पहिल्या हातानंतर जमीन धुतली की बारीक भोकं आणि रिकामे सांधे उघडे पडतात. ते त्याच रंगाच्या घोळाने भरून तीन-चार दिवस पाणी मारा आणि मगच पुढे जा. लगेच दुसरा हात दिला तर भरलेलं सगळं मशीन उपसून काढतं.

त्यानंतर १२०, २२० आणि ४०० असे दगड चढत्या क्रमाने. नंबर गाळायचा नाही. ६० चे ओरखडे १२० काढतो, पण २२० ला ते निघत नाहीत. पॉलिशनंतर उन्हाची तिरीप पडली की ते गोल गोल दिसतात. प्रत्येक हातानंतर जमीन धुवून कोरडी होऊ द्या आणि खिडकीकडे तोंड करून वाकून पाहा. ओल्या फरशीवर सगळंच चकचकीत दिसतं. भिंतीलगतच्या काही इंचांत मोठं मशीन पोचत नाही, तिथे हातमशीनने तितकेच हात द्यावे लागतात. याचा कंटाळा केला की खोलीला चौकट आल्यासारखी मळकट कड राहते. स्कर्टिंगच्या पट्ट्या लावण्याआधीच घासून घ्याव्यात.

शेवटचा हात ऑक्झॅलिक ॲसिडचा. एका चौरस मीटरला साधारण ३३ ग्रॅम, म्हणजे आपल्या हॉलला साडेपाचशे ग्रॅम. ओल्या जमिनीवर भुरभुरवून नमद्याच्या पॅडने मशीन फिरवायचं आणि मग स्वच्छ धुवायचं. ही पावडर विषारी आहे. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच, मुलांना त्या दिवशी साइटवर आणू नका. जमीन पूर्ण वाळल्यावर पातळ मेण लावतात. ओल आत असताना मेण लावलं तर पांढुरके डाग उठतात.

मशीनला पाणी आणि वीज दोन्ही लागतात, म्हणून जोडणी ईएलसीबीतून, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधूनच घ्या आणि वायर जमिनीवर लोळू देऊ नका. घासाईचा रेंदा मोरीत सोडू नये. तो पाइपात बसतो आणि दगडासारखा घट्ट होतो. बादलीत निवू द्या, वरचं पाणी फेकून द्या आणि गाळ गोणीत भरा.

दाराचा उंबरा काळ्या ग्रॅनाइटचा करायचा असेल तर तो घासाई झाल्यावर बसवा. आधी बसवलेल्या ग्रॅनाइटच्या चमकेवर मशीनचा दगड घासला की तो ओरखडा निघत नाही. दारांच्या पल्ल्यांची खालची कड तोवर कापू नका, तयार फरशीची उंची आता कुठे नक्की झालेली असते.

राहायला आल्यावर पहिल्या काही महिन्यांत सांध्यांवर पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा. बोअरचं क्षारयुक्त पाणी किंवा जमिनीतली ओल ही त्याची नेहमीची कारणं. कोरड्या ब्रशने झाडून पुसत राहिलं की तो बहुधा कमी होत जातो. पावसाळ्यानंतर दर वर्षी वाढत असेल तर भिंतीच्या बाहेरच्या बाजूला पाणी कुठे साचतंय ते शोधावं लागतं. लोणा काढायला संडासचं ॲसिड मात्र वापरू नका. कोटा चुनखडी असल्याने ॲसिड पडताच फेस येतो आणि तेवढी जागा निस्तेज होते. सांडलेल्या लिंबाचं आणि चिंचेच्या कोळाचंही तेच, लगेच पुसलं तर डाग पडत नाही.